हुमेल पुतळीच्या तळावरच्या खुणा कशा वाचायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल गालांची, डोक्यावर स्कार्फ किंवा तिरकी टोपी असलेली, छत्रीखाली बसलेली नाहीतर सफरचंदाच्या झाडावर चढलेली मुलं. पश्चिम जर्मनीत शिकून आलेल्या एखाद्या काकांच्या शोकेसमध्ये किंवा अमेरिकेतल्या जुन्या सामानाच्या विक्रीत ही चिनीमातीची पुतळी तुम्ही पाहिली असेल. ती हुमेल आहे की हुमेलसारखी, हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही, कारण चेहरा कोणालाही रंगवता येतो. खरी माहिती पुतळीच्या तळाशी असते.

या पुतळ्या कोणाच्या? हुमेल हे कंपनीचं नाव का?

कंपनी डब्ल्यू. गोबेल, बव्हेरियातल्या रोडेनटाल गावची. हुमेल हे चित्रकर्तीचं आडनाव. बेर्टा हुमेलचा जन्म १९०९चा. म्युनिकमध्ये तिने चित्रकला शिकली, १९३१मध्ये ती सीसनच्या मठात दाखल झाली आणि तिथे सिस्टर मारिया इनोसेन्शिया झाली. तिने काढलेली मुलांची चित्रं फ्रांझ गोबेल यांच्या नजरेस पडली आणि त्यांवरून घडवलेल्या पुतळ्या १९३५मध्ये लाइपझिगच्या जत्रेत पहिल्यांदा मांडल्या गेल्या. सिस्टर १९४६मध्ये वारल्या, पण त्यांच्या चित्रांवरून नवे नमुने पुढेही बनत राहिले. गोबेलने हे उत्पादन २००८मध्ये थांबवलं.

म्हणजे तळ पाहताना तुम्हाला दोन गोष्टी शोधायच्या आहेत: बनवणारा गोबेल आहे का आणि मालिका हुमेलची आहे का. गोबेलने हुमेलखेरीज इतर शेकडो वस्तू बनवल्या, त्यामुळे पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं तरी दुसऱ्याचं ‘नाही’ येऊ शकतं. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

पुतळी पालथी केली. आता आधी काय बघू?

तळावर दोन जातीच्या खुणा असतात. काही मातीत दबलेल्या असतात. नखाने खळगा जाणवतो. काही रंगाने उमटवलेल्या असतात, बहुधा निळ्या किंवा काळ्या, आणि नखाला जाणवत नाहीत. आधी या दोन वेगळ्या करा, कारण त्या दोन वेगळ्या वेळी आलेल्या असतात.

शिल्पकार मूळ नमुना घडवतो तेव्हाच त्याच्या तळाशी क्रमांक कोरला जातो. त्या नमुन्यावरून प्लास्टरचे साचे बनतात. साच्यात मातीचा पातळ घोळ ओततात, प्लास्टर पाणी शोषून घेतं आणि भिंतीला मातीचा थर धरतो. साचा उघडला की बाहेर आलेल्या प्रत्येक पुतळीच्या तळावर तोच क्रमांक असतो. साचा वीस वर्षांनी नव्याने केला तरी क्रमांक बदलत नाही. रंगाचा छाप मात्र पुतळी बनली त्या काळी कंपनी जो वापरत होती तो.

म्हणून दबलेली खूण सांगते की हा कोणता नमुना, आणि रंगाचा छाप सांगतो की हा नग कधीचा. हे एकदा पक्कं धरलं की खालचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

खळग्यातला आकडा वाचता येत नाही. काय करू?

वरून पडणारा उजेड इथे कुचकामी असतो, कारण त्यात खळगे दिसेनासे होतात. खोली अंधारी करा आणि मोबाइलचा टॉर्च तळाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. खळग्याच्या एका कडेला सावली पडते आणि आकडा उठून दिसतो. टॉर्च चारही बाजूंनी फिरवा. एका दिशेने ३ वाटणारा आकडा दुसऱ्या दिशेने ८ निघतो. तरीही शंका राहिली तर पातळ कागद ठेवून त्यावर मऊ पेन्सिल हलक्या हाताने घासा.

आकडा पुसट आहे एवढ्यावरून माल खोटा ठरवू नका. प्लास्टरचा साचा वापरून झिजतो आणि शेवटच्या नगांवरच्या खुणा बोथट येतात. शिवाय चकाकीचा लेप खळग्यात साचतो.

सही ‘एम. जे. हुमेल’ अशी आहे. नाव चुकलंय, म्हणजे नकली का?

नाही. सही ‘एम. आय. हुमेल’ अशीच आहे. तिच्या हस्ताक्षरातला ‘आय’ खाली वळतो आणि ‘जे’सारखा दिसतो. ही सहीसुद्धा दबलेली असते, पण तळाखाली नव्हे, तर बैठकीच्या वरच्या बाजूला किंवा कडेला, बहुधा मुलाच्या पायामागे. मालिका ओळखण्याचा सर्वांत भक्कम पुरावा हाच. फार लहान पुतळ्यांवर जागाच नसल्यामुळे ती नसू शकते, आणि जुन्या नगांपैकी काहींवर त्याऐवजी कागदी चिकटपट्टी होती, जी आता गळून गेलेली असते.

तळावर ‘१४२ ३/०’ लिहिलंय. हा अपूर्णांक कसला?

पहिला आकडा नमुन्याचा. संग्राहक त्याला हुम क्रमांक म्हणतात. हुम १४२ म्हणजे सफरचंदाच्या झाडावरचा मुलगा, हुम १४१ म्हणजे त्याची जोडीदार मुलगी. त्यापुढचा भाग आकाराचा. नुसतं शून्य म्हणजे मूळ, ठरलेला आकार. शून्याआधी २, ३ असे आकडे आले की पुतळी लहान होत जाते; ३/० ही २/० पेक्षा लहान. रोमन आकडे उलट दिशेने जातात: रोमन एक हा मूळ आकारापेक्षा मोठा, रोमन पाच त्याहून मोठा.

या मुलाचंच बघा. ३/० साधारण १० सेंटिमीटर, रोमन एक १५ सेंटिमीटर, रोमन पाच २५ सेंटिमीटर आणि रोमन दहा तर पाऊण मीटरहून उंच, दुकानाच्या दर्शनी भागात ठेवण्याजोगा. म्हणून तळ वाचल्यावर लगेच पट्टी हातात घ्या. आकाराची खूण आणि प्रत्यक्ष उंची जुळली पाहिजे. चार-पाच मिलिमीटरचा फरक चालतो.

एक अपवाद माहीत असू द्या. एकच चित्र कधीकधी दोन क्रमांकांत सापडतं. छत्री आणि पिशवी घेऊन निघालेला आनंदी वाटसरू मोठ्या आकारांत हुम ७ आहे आणि छोट्या आकारांत हुम ११. दोन्ही खरे.

माझ्या पुतळीवर क्रमांकाआधी इंग्रजी अक्षरं आहेत. ती काय सांगतात?

ती मालिका सांगतात. गोबेलने प्रत्येक कलाकाराच्या किंवा प्रकारच्या मालासाठी अक्षरं ठरवली होती आणि तीही साच्यातूनच उतरत. ‘रॉब’ असेल तर जॅनेट रॉबसन यांच्या चित्रांवरची मालिका, ‘बीवायजे’ असेल तर शार्लोट बी यांची लाल केसांची खट्याळ मुलं, ‘एचएम’ म्हणजे मेरीमातेच्या मूर्ती. हुमेलच्या मालावर क्रमांकाआधी बहुधा काहीच नसतं.

अक्षराकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं याचा नमुना म्हणजे १४१. हुम १४१ ही झाडावरची मुलगी. पण गोबेलने तपकिरी झग्यातल्या गुबगुबीत साधूची भांडी बनवली आणि त्यातला दुधाचा जग ‘एस १४१’ आहे. त्याच संचातलं साखरदान ‘झेड ३७’, मीठ-मिरीची जोडी ‘पी १५३’. तळावर गोबेलचाच मधमाशीचा छाप, तोच क्रमांक, तशीच आकाराची खूण. मग विक्रेता बिनधास्त ‘हुमेल साधू’ असं लिहून टाकतो. तो साधू गोबेलचा अस्सल माल आहे, स्वतःच्या जागी छानही आहे, पण सिस्टरच्या चित्रांशी त्याचा संबंध नाही आणि बैठकीवर तिची सही सापडणार नाही.

याच्या उलटही एक गंमत आहे. ‘मेल १’, ‘मेल २’, ‘मेल ३’ अशी खूण असलेल्या छोट्या मेणबत्तीदाण्या अनोळखी वाटतात. पण ‘मेल’ ही हुमेल नावाचीच शेवटची तीन अक्षरं. हेच नमुने पुढे हुम ११५, ११६ आणि ११७ झाले.

तळावर १९५७ साल कोरलंय. म्हणजे पुतळी १९५७ची ना?

नाही. विक्रीच्या जाहिरातींमध्ये सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच, आणि सगळ्याच वेळी ती निरागस असते असं मला वाटत नाही.

दबलेलं साल नमुन्याच्या स्वामित्वहक्काचं असतं. शिल्पकाराने नमुना पुरा केला, हक्क नोंदवला, ते साल साच्यात गेलं आणि तिथेच राहिलं. हुम ३४७ पाहा: भाला धरून एकामागोमाग चाललेले सात जण. हा नमुना १९५७मध्ये तयार झाला आणि तळावर तेच साल आहे, पण पुतळी बाजारात आली १९७१च्या सुमारास. म्हणजे दुकानातून घेतलेल्या प्रत्येक नगावर १९५७ लिहिलेलं आहे आणि त्यांतला कुठलाही १९५७चा नाही. हुम ३४८, फेर धरलेल्या चार मुली, १९५७चं साल घेऊन १९६०मध्ये आली.

हे साल एकाच दिशेने उपयोगी आहे: पुतळी त्याच्या आधीची असू शकत नाही.

मग खरा काळ कसा काढायचा?

रंगाच्या छापावरून. छाप बदलत गेले आणि त्यांची वर्षं माहीत आहेत. एकमेकांत थोडी मिसळतात, कारण जुना साठा एका रात्रीत संपत नाही.

सुरुवातीचा छाप मुकुटाचा. मुकुटाखाली गुंतवलेली ‘डब्ल्यू’ आणि ‘जी’ ही अक्षरं, १९३४ ते १९५०. मग इंग्रजी ‘व्ही’ अक्षरात उडणारी मधमाशी. पंख आणि शरीर स्पष्ट दिसतं. १९५०च्या दशकात ती लहान होत गेली आणि ‘व्ही’मध्ये खाली उतरत गेली. १९५८च्या सुमारास मधमाशीची नुसती आकृती उरली, एक ठिपका आणि दोन त्रिकोणी पंख. १९६४ ते १९७२ या काळातल्या छापात त्या आकृतीशेजारी तीन ओळींचा मजकूर येतो. १९७२ ते १९७९ कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत आणि त्याच्यावर माशी. १९७९ ते १९९१ नाव तेच, पण माशी गायब. त्यानंतरच्या छापात ‘वेस्ट’ शब्द नाही, नुसतं जर्मनी. कारण तोवर देश एक झाला होता.

युद्धानंतर लगेचच्या नगांवर ‘यू. एस. झोन’ असाही छाप सापडतो. गाव अमेरिकी ताब्यातल्या भागात होतं, आणि या पुतळ्या अमेरिकेत एवढ्या प्रमाणात पोहोचण्यात तिथल्या सैनिकांचा मोठा हात होता.

१९७९पासून रंगवणारा आपल्या आद्याक्षरांजवळ सालही घालू लागला. ब्रशने लिहिलेलं ते साल मात्र त्या नगाचंच.

मुकुट मातीत दबलेला आहे आणि शेजारी निळी मधमाशीही छापलेली आहे. दोन छाप कसे?

दोन्ही खरे असू शकतात. सुरुवातीला कंपनीची खूणही साच्यात कोरत असत. मुकुट कोरलेला साचा १९५०च्या आसपासही वापरात होता आणि त्यातून निघालेल्या पुतळीवर तेव्हाचा चालू छाप, म्हणजे मधमाशी, उमटवला गेला. अशा वेळी काळ रंगाच्या छापाचा धरायचा. खळग्यातला मुकुट पाहून ‘युद्धापूर्वीची’ म्हणून किंमत सांगणाऱ्याला निळ्या माशीकडे बोट दाखवा.

दबलेला मुकुट आणि छापलेला मुकुट एकाच तळावर असतील तर संग्राहक त्याला दुहेरी मुकुट म्हणतात. तिथे दोन्ही खुणा एकच काळ सांगतात.

एक पुतळी घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवाल का?

झाडावर बसलेला मुलगा घेऊ. तळावर आडव्या उजेडात दबलेलं दिसतं: १४२, तिरकी रेघ, रोमन एक. आधी अक्षर नाही. बैठकीच्या मागच्या कडेवर वळणदार सही. इथवर मालिका ठरली: हुमेल, सफरचंदाच्या झाडावरचा मुलगा, मोठा आकार.

पट्टी लावली, १५ सेंटिमीटर भरलं. जुळलं. आता झाडाकडे पाहा. या आकारात फांदीवर पक्षी असतो. ३/० या लहान आकारात पक्षी नसतो. इथे पक्षी आहे, म्हणजे खूण आणि घडण एकमेकांना साक्ष देतात. पक्षी नसता तर दोन शक्यता होत्या: तो तुटून त्या जागी रंग लावला आहे, किंवा आकाराची खूण वाचण्यात चूक झाली आहे. फांदीवर भिंगातून पाहिलं की पहिली शक्यता कळते, कारण दुरुस्तीच्या रंगाला भट्टीची चकाकी नसते.

मग निळा छाप. ‘व्ही’मध्ये आकृतीवजा माशी आणि उजवीकडे तीन ओळी: हक्काचं चिन्ह, गोबेलचं नाव, पश्चिम जर्मनी. म्हणजे १९६४ ते १९७२. घरात सांगत असतील की ही ‘आजोबांनी १९५५ साली आणली’, तर आजोबांनी बहुधा दुसरी आणली असेल. याहून नेमकं साल या तळावरून काढता येणार नाही.

चेहरा अगदी तसाच, पण तळावर वेगळंच नाव आहे.

‘एरिक स्टाउफर’ असं नाव, एकमेकांना छेदणारे दोन बाण आणि ‘एस’ किंवा ‘यू’ अक्षरापुढे चार आकडी क्रमांक असेल, तर तो न्यूयॉर्कच्या आर्नार्ट कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेला माल आहे. नाव जर्मन वाटावं असं आहे, देश चिकटपट्टीवर लिहिलेला होता आणि चिकटपट्टी कधीच निघून गेली. याला मी बनावट म्हणणार नाही. त्यावर कुठेही हुमेलची सही नाही. हुमेल म्हणून विकणं ही विकणाऱ्याची करामत.

युद्धकाळातल्या दोन गोष्टी मात्र वेगळ्या मोलाच्या आहेत. इंग्लंडच्या बेझविक कंपनीने अशाच काही पुतळ्या काढल्या. त्यांवर बेझविकचा छाप आणि नऊशेच्या घरातला क्रमांक असतो. न्यूयॉर्कच्या हर्बर्ट डबलर कंपनीने प्लास्टरच्या केल्या. प्लास्टर असल्यामुळे त्या हातात घेतल्यावर चिनीमातीसारख्या थंड लागत नाहीत आणि टवका उडाला की आतून खडूसारखी पूड पडते.

सही आहे, क्रमांक आहे, तरी काहीतरी खटकतंय. खऱ्या पुतळीवरून साचा काढून नक्कल करता येते का?

येते, आणि मग सहीसकट सगळं साच्यात उतरतं. पण माती इथे नक्कल करणाऱ्याचा डाव उधळते. ओली माती वाळताना आणि भट्टीत भाजताना आकसते, ढोबळमानाने दहा टक्के. खऱ्या पुतळीवरून काढलेल्या साच्यातून निघालेला नग म्हणून लहान भरतो: १५ सेंटिमीटरच्या जागी साडेतेरा. झिजलेल्या साच्याने एवढा फरक पडत नाही. आकड्यांची अक्षरंही त्याच प्रमाणात बारीक झालेली असतात आणि कडा गोलावलेल्या असतात. तळ तेवढा बोथट आणि चेहरा रेखीव असेल तर चिंता नको. तळ, बोटं, केसांच्या बटा, बुटाची नाडी सगळंच साबण वितळल्यासारखं दिसत असेल, तर आधी उंची मोजा.

तळ मळलेला आहे. बादलीत बुडवून धुवू का?

बुडवू नका. पुतळी आतून पोकळ असते आणि भट्टीत हवा बाहेर पडावी म्हणून तिला बारीक भोक ठेवलेलं असतं, कधी तळाला, कधी काखेत किंवा दप्तरामागे. त्यातून पाणी आत गेलं की आतली चकाकी नसलेली माती ते पिते आणि दिवसेंदिवस वाळत नाही. भोकाला चिकटपट्टी लावा, कोमट पाण्यात किंचित साबण घेऊन मऊ ब्रशने पुसा. ब्लीच आणि घासणी दूर ठेवा. कागदी चिकटपट्टी शिल्लक असेल तर तिला पाणी लागू देऊ नका.

तळावर काहीच नाही. ना आकडा, ना छाप.

आधी तळाला हिरवी बनात किंवा फेल्ट चिकटवलेलं नाही ना, ते पाहा. फर्निचरला चरे पडू नयेत म्हणून लोक हे करतात आणि सगळ्या खुणा त्याखाली असतात. कोपरा उचलून टॉर्च लावा. तळाला घासल्याच्या रेघा असतील, चकाकी मध्येच तुटलेली असेल, तर खूण मुद्दाम काढलेली असण्याची शक्यता आहे. पण खळगे मातीत असतात, त्यामुळे वरवर घासून क्रमांक पुरता जात नाही. आडव्या उजेडात त्याचा माग दिसतो. तळ स्वच्छ, अखंड चकाकीचा आणि कोरा असेल, सहीही नसेल, तर ती गोबेलची समजून पैसे देऊ नका.